दहाव्या मिनिटाची थकबाकी

ट्रेडमिलच्या पडद्यावर वेळ दिसतेय १०:०० आणि अंतर १.४१. ठरवलं होतं पाच किलोमीटर अर्ध्या तासात, म्हणजे ताशी १० किलोमीटरच्या वेगाने. त्या हिशोबाने आत्ता १.६६ दिसायला हवं होतं. पाव किलोमीटर कमी पडलंय. कारण काही गूढ नाही. सकाळी पाय जड होते, म्हणून वेग ८.५ वर ठेवला, अंग जरा गरम झालं की वाढवू असं म्हणत राहिलो आणि दहा मिनिटं निघून गेली. प्रश्न एवढाच उरतो, की राहिलेल्या वीस मिनिटांत वेग किती ठेवला म्हणजे ठरल्या वेळेला पाच किलोमीटर भरतील?

जिममध्ये बहुतेक जण याचं उत्तर अंदाजाने देतात. बटण पाच-सहा वेळा दाबायचं आणि बघायचं काय होतं ते. रस्त्यावर धावताना याहून फार वेगळं करता येत नाही, कारण तिथे वेग पायातून येतो आणि घड्याळ तो मागाहून सांगतं. ट्रेडमिलवर मात्र वेग हा आपल्या बोटाखालचा आकडा असतो. १०.८ म्हटलं की पट्टा १०.८ नेच फिरतो, तुमच्या मनात काहीही असो. त्यामुळे या प्रश्नाला अंदाजाची गरज नाही, नेमकं उत्तर मिळतं. आणि ते नेमकं असलेलं बरं, कारण वेग कमी वाढवला तर चूक अठ्ठाविसाव्या मिनिटाला कळते, तेव्हा इलाज उरलेला नसतो. जास्त वाढवला तर विसाव्या मिनिटालाच दम संपतो.

हिशोब धावता धावता तोंडी होण्यासारखा आहे. राहिलेलं अंतर ५ वजा १.४१, म्हणजे ३.५९ किलोमीटर. राहिलेला वेळ वीस मिनिटं, तासाचा तिसरा हिस्सा. म्हणून ३.५९ ला तीनने गुणायचं: १०.७७. ट्रेडमिलचं बटण एका दशांशाने सरकतं, तेव्हा वरचा आकडा घ्यायचा, १०.८. धापा टाकताना भागाकार जमत नाही हे खरं, पण पडद्याकडे बघायची वेळ नीट निवडली तर भागाकार करावाच लागत नाही. वीस मिनिटं राहिली असतील तर तीनने गुणा, पंधरा असतील तर चारने, बारा असतील तर पाचने, दहा असतील तर सहाने आणि शेवटची पाच मिनिटं राहिली असतील तर बाराने. मधल्या साडेतेरा-साडेसोळा मिनिटांना हिशोब करायला जाऊच नये. पुढचं सोयीचं मिनिट येईपर्यंत आहे त्या वेगाने धावत राहावं.

इथे एक सापळा आहे आणि गणितात चांगले असलेले लोकही त्यात सापडतात. समजा, तुम्ही दहाव्या मिनिटाला पडदा बघितलाच नाहीत आणि अडीच किलोमीटर होईपर्यंत ८.५ नेच धावत राहिलात. आता वाटतं की अर्धं अंतर दीडने कमी धावलो, तर उरलेलं अर्धं दीडने जास्त, म्हणजे ११.५ ने धावलं की सरासरी बरोबर १० येईल. पण येत नाही. ११.५ ने धावून तुम्ही पोचता साधारण ३० मिनिटं ४१ सेकंदांना. हळू धावलेल्या अडीच किलोमीटरला १७ मिनिटं ३९ सेकंद लागले. वेगाच्या अडीच किलोमीटरला मिळतात फक्त १२ मिनिटं २१ सेकंद. अंतर सारखं असलं तरी हळू वेगात तुम्ही जास्त वेळ घालवलेला असतो आणि सरासरी वेळेवर चालते. त्या १२ मिनिटं २१ सेकंदांत पोचायचं तर वेग १२.१ च्याही किंचित वर लागतो. ११.५ आणि १२.१ मधला फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण पट्ट्यावर अकरा-बारा मिनिटं तो सोसायचा म्हणजे काय हे ज्याने सोसलंय त्याला विचारावं. त्यामुळे अर्धा टप्पा मोजायचा तो घड्याळाने, पंधराव्या मिनिटाला. अडीच किलोमीटरच्या खुणेची वाट बघू नये.

वेळेने मोजायचं म्हटलं की एक सोपी खतावणी ठेवता येते. लक्ष्याच्या वेगापेक्षा तुम्ही ताशी किती कमी धावताय ते बघा आणि त्याला तितक्या मिनिटांनी गुणा. दीडने कमी, दहा मिनिटं: थकबाकी पंधरा. (अशा साठ थकबाक्यांचा एक किलोमीटर होतो. पंधरा म्हणजे वर दिसलेला पाव किलोमीटर.) आता ही पंधरा राहिलेल्या मिनिटांमध्ये वाटून टाका. वीस मिनिटं आहेत, म्हणून दर मिनिटाला ०.७५ जास्त. लक्ष्य १०, तेव्हा वेग १०.७५. गुणाकाराने आलं होतं तेच उत्तर, फक्त या वाटेने त्यामागचं कारणही दिसतं.

या खतावणीतली खरी गंमत अशी, की उशीर झाला की ती दोन्ही बाजूंनी कापते: थकबाकी वाढते आणि फेडायची मिनिटं घटतात. ८.५ ने धावताना पाचव्या मिनिटालाच जाग आली असती तर थकबाकी साडेसात, मिनिटं पंचवीस, आणि वेग लागला असता १०.३. दहाव्या मिनिटाला तो १०.७५ झाला. पंधराव्याला जागे झालात तर साडेबावीसची थकबाकी पंधरा मिनिटांत, वेग ११.५. विसाव्याला तीसची थकबाकी दहा मिनिटांत, वेग १३. पहिल्या पाच मिनिटांच्या आळसाची किंमत ०.३ आणि शेवटच्या पाच मिनिटांच्या आळसाची दीड. पाच मिनिटं तीच असून किंमत पाचपट.

दहाव्या मिनिटाला वेग १० वर आणून ठेवणारे आणखी एक जण असतात. 'आत्ता नुसता १० ठेवतो, शेवटी जोर लावतो' असं त्यांचं म्हणणं असतं. १० वर थकबाकी वाढत नाही हे खरं, पण कमीही होत नाही. पंचविसाव्या मिनिटालाही ती पंधराच असते आणि फेडायला मिनिटं असतात पाच. पंधरा भागिले पाच, तीन. वेग पुन्हा १३. शेवटच्या दोनशे मीटरला माणूस जोर लावू शकतो, पण पाच मिनिटं हा जोर लावण्याचा काळ नव्हे. त्या वेगाने ते जवळपास अकराशे मीटर होतात.

१३ हा आकडा आपल्या धावकाला का झेपणार नाही, याचं उत्तर ऑक्सिजनमध्ये आहे. ट्रेडमिलवर धावायला किती ऑक्सिजन लागतो याचं एक सूत्र अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने दिलेलं आहे आणि व्यायामशास्त्राचे लोक जगभर ते वापरतात. सपाट पट्ट्यावर ते अगदी सोपं होतं: मिनिटाला जितके मीटर धावता त्याचा पाचवा हिस्सा, अधिक साडेतीन. उत्तर येतं शरीराच्या दर किलो वजनामागे दर मिनिटाला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या मिलिलिटरमध्ये. ताशी १० ला हे साधारण ३७ येतं, १०.८ ला साडेएकोणचाळीस आणि १३ ला ४७. ज्याला पाच किलोमीटर अर्ध्या तासात पूर्ण करणं हे 'लक्ष्य' वाटतं, त्याच्यासाठी ३७ च्या आसपासचा खर्च आधीच चढा असतो. तिथून साडेएकोणचाळीसपर्यंत ताणणं कठीण असलं तरी शक्य आहे. ४७ बहुधा त्याच्या शरीराच्या कमाल क्षमतेच्या पलीकडे जातं. मग ऑक्सिजनविना मिळणाऱ्या शक्तीवर काही काळ पाय चालतात आणि दोन-तीन मिनिटांत जड होतात. इथे इच्छाशक्तीला दोष देणं अन्यायाचं आहे.

याच ऑक्सिजनमुळे हळू सुरुवात ही पूर्ण तोट्याचीही नसते. धावायला लागल्याबरोबर शरीराची मागणी वाढते, पण श्वास, हृदय आणि स्नायू ती पुरवायला दोन-तीन मिनिटं घेतात. एकदम १० ने सुरू केलं तर मधली तूट शरीराला दुसरीकडून भागवावी लागते आणि त्याची जाणीव छातीत होते. पहिली तीन मिनिटं ८ ने धावलात तर थकबाकी होते सहा. ती सत्तावीस मिनिटांत वाटली तर वाढ होते ०.२ पेक्षा किंचित जास्त, इतकीच. म्हणजे १०.२-१०.३ ने काम भागतं. तीन मिनिटांचा हा सौदा मी तरी कोणालाही करायला सांगेन. तीनाची दहा मिनिटं होऊ द्यायची नाहीत, एवढंच पथ्य.

आता दहाव्या मिनिटाला १०.८ ठरलं, पण तिथे जायचं कसं? ८.५ वरून एकदम १०.८ म्हणजे २.३ ची उडी. ज्याला १०.८ वर आपला श्वास कसा चालतो हे ठाऊक आहे, त्याने मिनिटभरात तिथे पोचावं आणि तोच वेग शेवटपर्यंत धरावा. एकूण कष्टाच्या दृष्टीने एकसारखा वेग सगळ्यात स्वस्त पडतो. ज्याला ठाऊक नाही त्याने पायऱ्यांनी जावं असं माझं मत आहे. वीस मिनिटांचे पाच-पाच मिनिटांचे चार तुकडे करायचे. सरासरी वाढ ०.७५ हवी आहे; तिला अडीचने भागलं की पायरीची उंची मिळते, ०.३. (अडीच कुठून आले? एक, दोन, तीन, चार या पायऱ्यांची सरासरी अडीच.) म्हणून पंधराव्या मिनिटापर्यंत १०.३, विसाव्यापर्यंत १०.६, पंचविसाव्यापर्यंत १०.९ आणि शेवटची पाच मिनिटं ११.२. पहिला तुकडा दीड फेडतो, दुसरा तीन, तिसरा साडेचार, चौथा सहा. बेरीज पंधरा.

या वाटेने पडद्यावर काय दिसायला हवं तेही आधीच सांगता येतं. पंधराव्या मिनिटाला २.२७ च्या आसपास, विसाव्याला ३.१५, पंचविसाव्याला ४.०६. एखाद-दुसरा शतांश इकडेतिकडे झाला तर होऊ द्यावा. पडद्याचा शेवटचा आकडा दहा मीटरचा असतो आणि पट्ट्याला वेग बदलायला काही सेकंद लागतातच. पंचविसाव्या मिनिटाला मात्र एकदा नीट बघायचं. राहिलंय ०.९४, गुणिले बारा, ११.२८. म्हणजे ११.२ ऐवजी ११.३ करायचा. तिथे जर ०.९७ राहिलेलं दिसलं तर ११.६ लागेल, आणि मधे कुठेतरी चूक झाली आहे हे कळेल.

पायऱ्यांचा दुसरा फायदा असा, की प्रत्येक पायरीवर शरीराला सावरायला वेळ मिळतो. वेग वाढवल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात 'सोपं आहे की' असं वाटतं, ते फसवं असतं. हृदयाचे ठोके आणि श्वास नव्या वेगाला पोचायला दोन-तीन मिनिटं घेतात, खरा निकाल त्यानंतर कळतो. याच फसगतीपायी लोक अर्ध्या मिनिटात आणखी दोनदा बटण दाबतात आणि पाच मिनिटांनी पट्ट्याच्या कडेच्या पट्ट्यांवर पाय टेकून उभे दिसतात. पायरी चढल्यावर तिसऱ्या मिनिटाला स्वतःला एक वाक्य मोठ्याने बोलून बघावं. चार-पाच शब्द सलग निघत असतील तर पुढची पायरी चढता येईल. एकेक शब्द तुटत असेल आणि अजून दहा मिनिटं बाकी असतील, तर ११.२ आपल्या नशिबात नाही असं समजून पुढचा हिशोब करावा.

आणि तो हिशोब तितका वाईट निघत नाही. दहाव्या मिनिटानंतर नुसता १० धरला तर तुम्ही ३१ मिनिटं ३० सेकंदांत पोचता. १०.४ धरला तर ३० मिनिटं ४० सेकंदांत. म्हणजे ०.४ च्या वाढीत पन्नास सेकंद परत येतात, आणि उरलेल्या चाळीस सेकंदांसाठी आणखी ०.३५ वाढवावे लागतात. ढोबळ हिशोब हवा असेल तर असा: १० च्या आसपास एक दशांश वेग दहा मिनिटं टिकवला की शेवटी सुमारे सहा सेकंद वाचतात. या भावाने घेण्यासारखं किती आहे ते ज्याने त्याने ठरवावं. मला विचाराल तर लक्ष्यापेक्षा एकाहून जास्त वाढ लागायला लागली, की तीस मिनिटांचा नाद त्या दिवसापुरता सोडून साडेतीसचा धरावा.

चढाचं बटण इथे मदतीला येतं. बरेच जण ट्रेडमिलवर चढ १ वर ठेवून धावतात. या सवयीचं मूळ बहुतांशी ब्रिटनच्या अँड्र्यू जोन्स आणि जोनाथन डाउस्ट यांच्या १९९६ च्या अभ्यासात आहे. खोलीत समोरून वारा कापावा लागत नाही, म्हणून तोच वेग रस्त्यापेक्षा थोडा स्वस्त पडतो. एक टक्का चढ दिला की ती सूट साधारण भरून निघते, असं त्यांना दिसलं. त्यांनी तपासलेले वेग साडेदहापासून अठरापर्यंतचे होते. वेग जितका कमी तितका वाऱ्याचा अडथळा कमी, म्हणून आपल्या १० च्या धावकाला ही भरपाई एवढी महत्त्वाची नाही. पण तो एक टक्का फुकट मिळत नाही. वरच्याच सूत्राने बघितलं तर १० च्या वेगाला एक टक्का चढ म्हणजे सपाटीवरच्या ०.४५ वेगाइतका जादा खर्च. चढ १ वर असेल आणि थकबाकी फेडायची असेल, तर आधी तो ० वर आणा. श्वासावर नवा भार न टाकता जवळजवळ अर्धा किलोमीटर ताशी वाढवायची जागा तिथेच मिळते. हे लबाडीचं आहे का? आधीचे सगळे दिवस चढावर धावून आजच सपाटीची वेळ वहीत लिहिलीत तर थोडंसं आहे. शेजारी 'चढ ०' लिहून टाका.

तीस मिनिटांचं लक्ष्य प्रत्येकाचं नसतं. चाळीस मिनिटांत पाच किलोमीटर म्हणजे ताशी साडेसात. नवशिक्या माणसाने पहिली दहा मिनिटं ६ ने घालवली तर थकबाकी तीच, पंधरा, पण फेडायला तीस मिनिटं आहेत, म्हणून वाढ फक्त ०.५ आणि वेग ८. आकड्यात हे सोपं दिसतं. मात्र ६ ला माणूस भरभर चालत असतो आणि ८ ला धावत असतो. ताशी ७ किलोमीटरच्या थोडं पुढे कुठेतरी बहुतेकांचं शरीर आपण होऊन चालण्यातून धावण्यात जातं. त्या सीमेवर, ७ ते ७.३ मध्ये, रेंगाळणं सगळ्यात अवघडल्यासारखं होतं, कारण त्या वेगाला चालणंही ओढाताणीचं आणि धावणंही. तिथे पायरी ठेवू नये. ६.५ वरून सरळ ७.८ ला जावं आणि पुढे ८.१-८.२ करून बाकी भरून काढावी.

हा सगळा हिशोब पडद्यावरचे आकडे खरे आहेत असं धरून चालतो. ते कुठून येतात हे माहीत असलेलं चांगलं. ट्रेडमिलला तुमचे पाय दिसत नाहीत. मोटर किंवा रोळ किती फिरला यावरून ती पट्ट्याचा वेग आणि अंतर काढते. म्हणून कडेच्या दांड्याला लोंबकळून धावलात तरी अंतर पूर्ण दिसतं, कष्ट मात्र कमी झालेले असतात. मनगटावरचं घड्याळ खोलीत हाताच्या हालचालींवरून अंदाज बांधतं. दोघांचे आकडे जुळत नाहीत आणि जुळावेत अशी अपेक्षाही करू नये. थकबाकीचा हिशोब करताना एकाचाच आकडा धरायचा, आणि वेग ज्याच्या हातात आहे त्याचा, म्हणजे ट्रेडमिलचा. दांड्यावरचा हात मात्र घाम पुसण्यापुरताच. वेग वाढवल्यावर दांडा धरावासा वाटला, तर तो वेग आपला नाही हे ओळखावं.

जुन्या, फार वापरलेल्या ट्रेडमिलचा पट्टा माणूस वर चढला की थोडा मंदावतो. शंका असेल तर तपासणी अवघड नाही. पट्टा थांबलेला असताना त्याची पूर्ण लांबी मोजायची: कडेला खडूने खूण करून, हाताने पट्टा सरकवत, एक वेढा पूर्ण होईपर्यंत. समजा ती ३.२ मीटर भरली. ताशी १० म्हणजे मिनिटाला १६६ मीटरच्या वर, तेव्हा पट्ट्याचे मिनिटाला ५२ वेढे व्हायला हवेत. एकाने वर धावायचं आणि दुसऱ्याने पट्ट्यावरची रंगीत चिकटपट्टी किती वेळा आली ते मिनिटभर मोजायचं. ५० भरले तर तुमचा १० खरं तर ९.६ आहे, आणि वर्षभर पडद्यावर पाहिलेल्या वेळांवर थोडं पाणी सोडावं लागेल.

यंत्राच्या आणखी दोन खोडी ऐन शेवटी घात करतात. 'स्टार्ट' दाबल्यावर पट्टा सरपटत सुरू होतो, घड्याळ मात्र पहिल्या सेकंदापासून चालू असतं. थोडी थकबाकी तिथेच चढते. यावर उपाय म्हणजे वॉर्म-अप वेगळा करून, यंत्र बंद करून, शून्यापासून पुन्हा सुरू करणं. गर्दीच्या वेळी मागे कोणी 'दादा, किती वेळ अजून?' म्हणत उभं असलं की हे जमत नाही. तेव्हा सुरुवातीचा तोटा मान्य करून पहिल्या मिनिटाला वेग थोडा वर ठेवावा. दुसरी खोड वेळेच्या प्रोग्रॅमची. तुम्ही ३० मिनिटांचा प्रोग्रॅम लावला असेल तर कित्येक ट्रेडमिल वेळ भरली की आपणहून वेग उतरवतात आणि 'कूल डाउन' सुरू करतात. तीस मिनिटांना ४.९७ झालेले असताना वेग ५ वर आला की उरलेल्या तीस मीटरना दहा-अकराच्या जागी वीस-बावीस सेकंद जातात. पस्तीस-चाळीस मिनिटांचा प्रोग्रॅम लावावा किंवा मॅन्युअलवर धावावं.

जिममधली हवाही हिशोबात धरायला हवी. रस्त्यावर धावणाऱ्याला स्वतःच्या वेगाचाच वारा लागतो, ट्रेडमिलवर माणूस आपल्याच घामाच्या वाफेत जागच्या जागी धावत असतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत पंखा नसेल तर वेग तोच राहूनही ठोके मिनिटागणिक चढत जातात, कारण रक्ताचा वाटा घाम काढण्यासाठी त्वचेकडे वळतो. अशा दिवशी चौथी पायरी, ती ११.२, वातानुकूलित हॉलमधल्या ११.२ सारखी राहत नाही. पंखा समोर ओढून घ्या. तो मिळत नसेल तर थकबाकी लवकर फेडा: पहिल्या दोन पायऱ्यांना १०.३ आणि १०.६ ऐवजी १०.७ धरा आणि पुढे १०.८ वर थांबा. चारही तुकड्यांची बेरीज पंधराच होते, पण सगळ्यात गरम झालेल्या शरीरावर सगळ्यात मोठा वेग येत नाही. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मात्र कुठलाही हिशोब करत बसायचं नाही. कपड्याला लावलेली लाल दोरी ओढायची, तिच्यासाठीच ती असते.

पडद्यावर ५.०० आल्यावर आधी वेळ वाचून घ्या आणि मग वेग ५-६ वर आणा. पुष्कळ यंत्रं 'स्टॉप' दाबल्यावर काही सेकंदांत सगळं पुसून शून्य दाखवतात. पुढची तीन-चार मिनिटं चालताना हे आकडे मनात लावून बघा: सुरुवातीला किती मिनिटं किती कमी धावलो, वाढवलेला सगळ्यात मोठा वेग किती, तो किती वेळ टिकला. ११.२ पाच मिनिटं टिकला असेल आणि शेवटीही बोलता येत असेल, तर तुमचं लक्ष्य तीस मिनिटांचं राहिलेलं नाही. पुढच्या वेळी पहिली तीन मिनिटं ९ आणि मग सरळ १०.५ लावून साडेएकोणतीसच्या आत पोचता येतं का ते बघा. शेवटच्या पायरीवर दांडा धरावा लागला असेल, तर तीसच ठेवा, आणि तीन मिनिटं झाली की वेग १० वर न्या.